दाबलं की दुखतं, म्हणजे हृदयाचं नाही ना?

जुलैतल्या एका संध्याकाळी भांडुपच्या माझ्या दवाखान्यात एक बाई आल्या. वय ३१, फोर्टला एका ऑफिसात नोकरी, रोज भांडुप ते सीएसएमटी. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला एक बोट टेकवलं. "डॉक्टर, बरोब्बर इथे. दाबलं की कळ मारते. चार दिवस झाले. काल रात्री कूस बदलली आणि अशी चमक आली की उठूनच बसले. मिस्टर म्हणाले, दाबून दुखतंय म्हणजे हाडाचं आहे, झोप. सासूबाई म्हणाल्या, गॅस असेल, ओवा चाव. मला मात्र पहाटेपर्यंत डोळा लागला नाही."

मिस्टरांचं निदान पुढे बरोबर ठरलं. पण ज्या कारणावरून ते त्यांनी केलं होतं, ते कारण अर्धवट आहे. 'दाबून दुखतं म्हणजे हृदयाचं नाही' हे वाक्य मी पेशंटकडून, नातेवाइकांकडून, औषधाच्या दुकानातल्या काउंटरवरूनही ऐकतो. बहुतेक वेळा ते खरं ठरतं, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. आणि जेव्हा ते खोटं ठरतं, तेव्हा माणूस घरी बाम चोळत बसलेला असतो.

आधी या दुखण्याची जागा समजून घेऊ. बरगड्यांच्या १२ जोड्या असतात आणि सगळ्या मागे मणक्यांना जोडलेल्या असतात. पुढे येताना मात्र बरगडीचं हाड छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचतच नाही. थोडं अलीकडेच ते संपतं आणि तिथून कूर्चा सुरू होते. मटण खाणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. सीन्याच्या तुकड्यात हाडाच्या टोकाला जो पांढरा, कुरकुरीत भाग लागतो, तीच ही. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने थेट मधल्या हाडाला जोडलेल्या असतात, पुढच्या ३ आपल्या वरच्या कूर्चेला चिकटतात आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच असतात.

ही कूर्चा आहे म्हणून छाती फुलू शकते. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१ हजारांहून जास्त वेळा हे सांधे थोडे थोडे हलतात. खोकताना, शिंकताना, जड काही ढकलताना ते जोरात ओढले जातात. त्यातले काही दुखरे झाले की त्याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीचे सांधे धरतात, एकाच बाजूचे आणि एकाहून जास्त. गुडघा दुखला तर आपण पाय वर घेऊन बसतो. बरगडीला तशी सुट्टी मिळत नाही. त्यात कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती सावकाश भरून येते. हे दुखणं दोन दिवसांत न जाता काही आठवडे, कधी दोन-तीन महिने रेंगाळतं, त्याचं कारण हे.

या बाईंच्या बाबतीत कारणही समोरच होतं. जूनच्या पहिल्या पावसात भिजल्यापासून तीन आठवडे कोरडा खोकला होता. शिवाय लोकलमध्ये लॅपटॉपची सॅक त्या पाठीवरून काढून पुढे, छातीवर घेत. गर्दीत सगळेच घेतात. घाटकोपरला लोंढा आत शिरला की ती सॅक आणि तिच्यावरची माणसं असा सगळा भार छातीवर यायचा, आणि आतून खोकला. कारण असं सरळ सापडतंच असं नाही. कित्येकांना काहीच आठवत नाही, आणि तरीही निदान तेच असतं.

त्यांना तपासण्याआधी मी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. बोट लावून बघणं मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी दाबून बघितलं आणि दुखलं, तर पेशंट सुटकेचा श्वास सोडतो आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्या सुटकेच्या सुरात देतो. मग 'जिना चढताना होतं का?' याचं उत्तर 'नाही हो, तसं काही नाही' असंच येतं.

पहिला प्रश्न, दुखणं कशाने वाढतं? त्यांचं दुखणं खोल श्वासाने, खोकल्याने, कूस बदलल्याने, वरच्या फळीवरचा डबा काढताना वाढत होतं. म्हणजे छातीचा पिंजरा हलला की दुखायचं. भांडुपचा रेल्वे पूल त्या रोज चढतात. घाईत चढताना दुखणं येतं आणि थांबलं की जातं, असं होतं का? नाही. हृदयाला रक्त कमी पडून येणारं दुखणं माणूस कोणत्या कुशीवर झोपलाय हे बघत नाही. हृदयाला काम वाढलं की ते येतं, म्हणजे चढ, धावपळ, भरपेट जेवणानंतरचं चालणं, संताप. विश्रांतीने काही मिनिटांत ओसरतं. झटका असेल तर ओसरत नाही, पंधरा-वीस मिनिटांपुढेही टिकून राहतं.

दुसरा प्रश्न, ते कसं आहे? 'सुई टोचल्यासारखं', 'चमक मारते' हे एक. 'छातीवर कोणीतरी बसलंय', 'आवळून धरलंय', 'जळजळ आणि भार' हे दुसरं. हृदयाचा पेशंट अनेकदा दुखणं हा शब्दच वापरत नाही. तुम्ही विचारता, छातीत दुखतंय का, तो म्हणतो, दुखत नाही, जड वाटतंय. हातही बघावा. या बाईंनी एक बोट टेकवलं होतं. हृदयाचं सांगणारा माणूस बऱ्याचदा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो, कारण त्याला एक बिंदू दाखवताच येत नाही. ही खूण उपयोगी आहे, पण फक्त तिच्या भरवशावर कोणाला घरी पाठवू नये.

तिसरा प्रश्न, सोबत काय आहे? घाम, मळमळ, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, दुखणं जबड्यात, खांद्यात, एका किंवा दोन्ही हातांत, पाठीत उतरणं. यातलं काही असेल तर बरगडी कितीही दुखू दे, मी पुढचा विचार हृदयाचाच करतो. बायकांमध्ये, मधुमेह असणाऱ्यांमध्ये आणि म्हाताऱ्या माणसांत छातीतलं दुखणं कधीकधी सौम्य असतं किंवा अजिबात नसतं, नुसती धाप, गळून जाणं किंवा पोटाच्या वरच्या भागातला भार असतो. आपल्याकडे त्याला पित्त म्हणतात. सोडा प्यायला, ढेकर आली, बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही.

बाईंची तिन्ही उत्तरं स्वच्छ होती. बीपी, मधुमेह, तंबाखू काही नाही, घरात कमी वयात कोणाला हृदयविकार नाही. ताप नाही, पायाला सूज नाही, गर्भनिरोधक गोळ्या चालू नाहीत. आता बोट लावायला हरकत नव्हती.

गळ्याच्या खाली मधोमध जो खळगा असतो, तिथे बोट ठेवून मधल्या हाडावरून सरळ खाली घसरत आलं की साधारण तीन-चार बोटांवर एक आडवा उंचवटा लागतो. हा उंचवटा ज्याच्या-त्याच्या छातीवर सापडतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेली असते ती दुसरी बरगडी. तिथून खाली मोजत गेलं की तिसरी, चौथी, पाचवी. मी एकाच बोटाने, नखाचा गुलाबी रंग फिका पडेल एवढाच दाब देतो. त्याहून जोरात दाबलं तर धडधाकट माणसाचीही बरगडी दुखते. आधी न दुखणारी बाजू, मग दुखणारी, म्हणजे पेशंटला स्वतःलाच फरक कळतो.

उजवीकडे त्यांना काही वाटलं नाही. डावीकडे तिसऱ्या बरगडीवर त्या आक्रसल्या, चौथीवर "आई गं" म्हणाल्या. इथेच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो, आणि तो 'दुखतं का?' हा नाही. तो असा: रात्री ज्या दुखण्याने तुम्ही उठून बसलात, ते हेच का?

"हेच. अगदी हेच."

मग त्यांचा डावा हात आडवा, छातीवरून उजव्या खांद्याकडे हळूच ओढला. पुन्हा तेच दुखणं. सूज कुठे दिसत नव्हती. नावाच्या शेवटी दाह सांगणारं 'आयटिस' असलं तरी या आजारात वरून सूज दिसत नाही. फुगवटा दिसत असेल, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीच्या एकाच सांध्यावर, तर तो त्याचा दुर्मीळ चुलतभाऊ. त्याला टिट्झ सिंड्रोम म्हणतात. अलेक्झांडर टिट्झ या जर्मन सर्जनने १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

त्यांनी विचारलं, एक्स-रे काढू का? कॉस्टोकॉन्ड्रायटिस एक्स-रेत दिसत नाही आणि रक्तातही सापडत नाही. ते निदान बोलून, तपासून आणि बाकीचं बाजूला सारून होतं. ईसीजी मात्र मी काढला. पस्तिशीच्या पुढे किंवा धोक्याची काही बाब असेल तर तो काढायलाच हवा. या त्याआधीच्या होत्या, पण यंत्र दवाखान्यातच आहे आणि पाच मिनिटांचं काम. आपल्या भागात वयाची सूट फार देऊन चालत नाही. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका मध्यमान ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत जवळपास ५९ व्या. चाळिशीतले पेशंट इथे नवलाचे नाहीत.

आता दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय पहिली पुरी होत नाही.

काही वर्षांपूर्वी एक काका आले, वय ५४, सोसायटीत वॉचमन. दोन दिवसांपूर्वी गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर नेला होता, तेव्हापासून छातीच्या डाव्या बाजूला दुखत होतं. "उसण भरलीय, एक इंजेक्शन द्या," एवढीच मागणी. दाबलं तर चौथी बरगडी खरंच दुखत होती. सिलिंडरची हकिकत होती, दुखरी जागा सापडली होती, संध्याकाळची गर्दी होती. इंजेक्शन देऊन मोकळं होणं फार सोपं होतं.

मी बोट तिथेच ठेवून विचारलं, "काका, ज्यासाठी आलात ते दुखणं हेच का?"

ते जरा थांबले. "नाही. हे वरचं आहे. ते आतलं आहे."

मग एकेक निघालं. आतलं म्हणजे काय? तर स्टेशनचा पूल चढताना मध्यावर छाती भरून येते, वर पोचून कठड्याला टेकून उभं राहिलं की जाते. गेले पंधरा दिवस. आज सकाळी सपाट चालतानाही आली, घाम फुटला. सिलिंडरने बरगडीही दुखावली होती आणि त्यांना हृदयाचाही त्रास होता. एका माणसाला दोन्ही एकदम असायला काहीच अडचण नसते. दाबून दुखणं एवढंच सांगतं की छातीची भिंत दुखरी आहे. भिंतीच्या आत काय चाललंय याबद्दल ते काही सांगत नाही. छाती दाबून दुखते अशा लोकांत हृदयाचा झटका कमी प्रमाणात सापडतो हे खरं, पण सापडतो.

त्यांचा माझ्याकडचा ईसीजी साफ होता. मुलगा म्हणाला, मग घरी नेऊ ना? इथे आणखी एक गैरसमज आहे. ईसीजी त्या दहा सेकंदांतली हृदयाची विजेची हालचाल दाखवतो. त्या क्षणी त्रास नसेल तर तो साफ येऊ शकतो, आणि झटक्याच्या सुरुवातीलाही कधीकधी साफ येतो. म्हणून हॉस्पिटलात तो काही वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन बघतात. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात येतं, पण त्यालाही काही तास लागतात, म्हणून तेही एकदा बघून भागत नाही, थोड्या तासांनी पुन्हा बघतात. काकांचा दुसरा ईसीजी बदलला होता. रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी झाली.

टोचणारं, श्वासाने वाढणारं दुखणं म्हणजे बरगडीच, असंही नाही. फुफ्फुसाचे काही आजार अगदी असेच बोलतात. नुकतं ऑपरेशन किंवा हाड मोडून झोपून राहणं, एकाच पायाची सूज, अचानक धाप, थुंकीत रक्त, यात फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. उंच, सडपातळ तरुणाला एकाएकी एका बाजूला कळ येऊन श्वास पुरेनासा झाला तर फुफ्फुसाबाहेर हवा शिरलेली असू शकते. ताप, खोकला आणि श्वासाला कळ असेल तर न्यूमोनिया किंवा फुफ्फुसाच्या आवरणातलं पाणी, आणि मुंबईत अशा पाण्याचं कारण क्षयरोग असणं अजिबात विरळ नाही. आडवं झालं की वाढणारं आणि पुढे वाकून बसलं की कमी होणारं दुखणं हृदयाच्या आवरणाचं असू शकतं. आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-तीन दिवसांनी पुरळ उठलं तर ती नागीण. तिचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून तिथेही बाम लावून वाट बघू नये.

छातीत भार येऊन काही मिनिटांत थांबला नाही, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ, चक्कर, हातात-जबड्यात उतरणं असेल, किंवा पाठ फाटल्यासारखी अचानक भयंकर कळ आली, तर १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेला उशीर होतोय असं दिसलं तर दुसऱ्या कोणीतरी गाडी चालवून न्यावं. पेशंटने स्वतः स्कूटर काढू नये, चालत स्टेशन गाठू नये, जिना उतरायचा तर खुर्चीत बसवून उतरवावं. आधी फॅमिली डॉक्टरकडे, मग लॅबमध्ये, मग हॉस्पिटलात ही वरात काढू नये. अँजिओप्लास्टीची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि ते रात्री चालू असतं का, हे घरातल्या एकाला तरी आधीपासून माहीत असावं. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी गोळी चावून खायला सांगतात, पण तिची ॲलर्जी, अल्सर, रक्तस्राव किंवा ती पाठ फाटल्यासारखी कळ असेल तर नाही. म्हणून फोनवर विचारूनच द्यावी.

बाईंकडे परत येतो. मी त्यांना पाच दिवस जेवणानंतर आयब्युप्रोफेन दिलं, पण दोन प्रश्न विचारून. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, यातलं काही आहे का? आणि ताप आहे का? पावसाळ्यात मुंबईत ताप असेल तर डेंगू नाही हे ठरेपर्यंत ही औषधं घेऊ नयेत, त्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पॅरासिटामॉलच. ज्यांना पोटातून औषध चालत नाही त्यांना डायक्लोफेनॅकचं जेल लावता येतं. शेक पंधरा-वीस मिनिटं, कपडा गुंडाळून. खोकल्याचा इलाज वेगळा केला, कारण तो थांबल्याशिवाय बरगडी भरून येणार नव्हती. सॅक हातात खाली धरायला सांगितली, आणि आठवडाभर जड काही ढकलू-ओढू नका म्हटलं. दुखणं उतरल्यावर दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती हळूच पुढे न्यायचा ताण, वीस-तीस सेकंद, दिवसातून दोन-तीनदा. कळ येईल इतका नाही.

दहा दिवसांनी त्या परत आल्या. खोकला गेला होता, रात्री झोप लागत होती, पण जागा तशीच दुखरी. "दिवसातून किती वेळा दाबून बघता?" मी विचारलं. त्या ओशाळल्या. ट्रेनमध्ये, ऑफिसात, झोपताना, वीसेक वेळा तरी. गेलं का ते बघायला. दुखऱ्या सांध्यावर दिवसातून वीस वेळा बोट रोवलं तर तो दुखराच राहणार. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, हलक्या हाताने बघा, मधे नाही, असं ठरलं. दुखणं आवळल्यासारखं झालं, चालताना येऊ लागलं, जागेवर फुगवटा दिसला किंवा ताप आला, तर मात्र रविवारची वाट न बघता यायचं. सहाव्या रविवारी त्यांचा फोन आला. चौथ्या बरगडीवर थोडं जाणवतं, तिसरीवर काहीच नाही.